सांकेतिक भाषेचे प्रश्न: नियम सुचायची वाट बघू नका, शब्दाखाली दोन ओळी लिहा

पोलीस भरती असो, तलाठी असो की स्टाफ सिलेक्शनची परीक्षा, बुद्धिमत्ता चाचणीत एक प्रश्न हमखास भेटतो. अमुक शब्द एका भाषेत असा लिहिला, तर तमुक शब्द कसा लिहाल? मराठी पुस्तकांत या प्रकरणाचं नाव ‘सांकेतिक भाषा’, क्लासमध्ये सगळे ‘कोडिंग-डिकोडिंग’ म्हणतात. पेपर मराठीतून असला तरी शब्द बहुतेकदा इंग्रजी अक्षरांत दिलेले असतात. त्यामुळे सगळा खेळ A ते Z या २६ अक्षरांत चालतो.

अभ्यासिकेत मी एक गोष्ट वर्षानुवर्षं बघत आलोय. मुलं या प्रश्नाकडे नुसती बघत बसतात. नजर शब्दावरून कोडवर, कोडवरून परत शब्दावर, मध्येच बोटांवर ‘ए, बी, सी, डी’ मोजणं चालू. कधी नियम पटकन दिसतो, कधी दोन मिनिटं दिसत नाही. सीजीएलच्या टियर १ मध्ये ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एकाला ३६ सेकंद, आणि चुकलं की अर्धा गुण कापला जातो. तिथे नियम सुचायची वाट बघणं परवडत नाही.

नियम सुचावा लागत नाही. शब्दाखाली कोड लिहायचा, त्याखाली फरकाची एक ओळ आणि बेरजेची एक ओळ मांडायची. अक्षरं सरकवलीत, उलटवलीत की दोन्हींची भेसळ आहे, हे या दोन ओळी सांगतात.

आधी रफ कागदावर हा तक्ता

पेपर सुरू होताच, पहिला प्रश्न वाचण्याआधी, रफ कागदाच्या कोपऱ्यात एवढं लिहून टाका. सराव असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

```
१   २   ३   ४   ५   ६   ७   ८   ९   १०  ११  १२  १३
A   B   C   D   E   F   G   H   I   J   K   L   M
Z   Y   X   W   V   U   T   S   R   Q   P   O   N
२६  २५  २४  २३  २२  २१  २०  १९  १८  १७  १६  १५  १४
```

A ते M सरळ लिहायचं, मग N पासून मागे वळून उजवीकडून डावीकडे Z पर्यंत यायचं. अशा मांडणीत प्रत्येक अक्षराच्या बरोबर खाली त्याचं विरुद्ध अक्षर येतं, म्हणजे वर्णमाला उलटी केली तर जे अक्षर त्याच्या जागी येईल ते. उभ्या जोडीच्या क्रमांकांची बेरीज कायम २७ असते, कारण १ आणि २६ पासून सुरुवात होते, मग वरचा एकाने वाढतो आणि खालचा एकाने घटतो. हा २७ चा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

क्रमांक तोंडपाठ हवेत, पण सव्वीसच्या सव्वीस घोकायची गरज नाही. EJOTY एवढंच लक्षात ठेवा: E ५, J १०, O १५, T २०, Y २५. A आणि B सोडले, तर बाकीचं कुठलंही अक्षर यातल्या एकापासून फार तर दोन घरं लांब असतं. R विचारला? T वीस, दोन मागे, अठरा.

विरुद्ध जोड्यांसाठी क्लासमध्ये लांबलचक यादी पाठ करून घेतात. मी स्वतः ओळखीच्या तेवढ्याच ठेवल्यात. HS म्हणजे एचएससी, GT म्हणजे मुंबईचं जीटी हॉस्पिटल, KP म्हणजे पुण्याचं कोरेगाव पार्क, IR म्हणजे इंडियन रेल्वे, EV म्हणजे विजेवरची गाडी. AZ ही दोन टोकं आणि MN मधले शेजारी, ते तसेच आठवतात. उरलेल्या जोड्या २७ मधून वजा करून काढतो. जोड्या पाठ करण्यात आठवडा घालवण्यापेक्षा वजाबाकी जलद करा.

फरकाची ओळ: अक्षरं सरकवली असतील तर

सगळ्यात सोपा प्रकार. NASIK हा शब्द PCUKM असा लिहिला, तर SATARA कसा लिहाल?

```
N   A   S   I   K
P   C   U   K   M
+२  +२  +२  +२  +२
```

प्रत्येक अक्षर दोन घरं पुढे. SATARA चं होईल UCVCTC. इथे कुणी चुकत नाही. चुकतात ते पुढच्या पायरीवर. LATUR जर MCWYW असेल, तर SANGLI चं काय?

```
L   A   T   U   R
M   C   W   Y   W
+१  +२  +३  +४  +५
```

फरक लिहिला की वाढता क्रम लगेच दिसतो. नुसतं बघत बसलात तर कोडमधले दोन W नजरेला चकवतात. मूळ शब्दात T आणि R वेगळे, कोडमध्ये मात्र दोघांचं W, म्हणून ‘काहीतरी गडबड आहे’ असं वाटून मुलं प्रश्न सोडून देतात. गडबड काही नाही. T तीन पुढे गेला, R पाच पुढे गेला आणि दोघं एकाच घरात उतरले. SANGLI सहा अक्षरी आहे, तेव्हा शेवटच्या अक्षराला +६ लावायचे: TCQKQO. शब्दाची लांबी बदलली की क्रम पुढे चालू ठेवायचा असतो. पाचावर थांबून पुन्हा +१ लावला तर शेवटी J येतो, आणि तो पर्यायही समोर छापलेला असण्याची शक्यता बरीच.

या ओळीत आणखी एक खाचखळगा आहे तो Z च्या पलीकडचा. वर्णमाला गोल फिरते, Z नंतर पुन्हा A. Y चार पुढे नेला तर २५ + ४ = २९, त्यातून २६ गेले, उरले ३, म्हणजे C. B तीन मागे नेला तर २ − ३ = −१, त्यात २६ मिळवले की २५, म्हणजे Y. ओळ लिहिताना हे उलट्या बाजूने आडवं येतं. समजा फरक +४, +४, −२२, +४ असे आले. कितीतरी मुलं −२२ बघून नियम मोडला असं समजतात. पण −२२ मध्ये २६ मिळवले की +४ च होतात. म्हणून ओळीत एखादा फरक विचित्र मोठा दिसला, तर निष्कर्ष काढण्याआधी त्यात २६ मिळवून किंवा वजा करून बघा.

बेरजेची ओळ: वर्णमाला उलटी असेल तर

PUNE चा कोड KFMV दिला आहे. फरक मांडून बघा.

```
        P    U    N    E
        K    F    M    V
फरक    −५   −१५  −१   +१७
बेरीज   २७   २७   २७   २७
```

फरकाच्या ओळीत ताळमेळ नाही. बेरजेच्या ओळीत मात्र सगळीकडे २७, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागी विरुद्ध अक्षर आलंय. आता AKOLA विचारलं तर तक्त्यात नुसतं खाली-वर बघायचं: ZPLOZ.

फरकाच्या ओळीतही एक खूण दडलेली असते. विरुद्ध जोडीतला फरक कधीच सम नसतो, कारण दोन संख्यांची बेरीज विषम (२७) असेल तर त्यातली एक सम, दुसरी विषम असते. फरकांमध्ये एक जरी सम आकडा आला, तर निदान त्या अक्षराला तरी नुसता उलट्या वर्णमालेचा नियम लागलेला नाही, हे पक्कं.

फसगत होते ती मधल्या अक्षरांवर. M चा N झाला तर तो एक घर पुढे गेलेलाही असू शकतो आणि विरुद्धही. L चा O म्हणजे +३ किंवा विरुद्ध, K चा P म्हणजे +५ किंवा विरुद्ध. पहिलंच अक्षर K→P दिसलं की ‘पाच पुढे’ म्हणून सुसाट सुटणारे मी पुष्कळ बघितलेत. एका अक्षरावरून नियम ठरवू नका. निदान दोन अक्षरं तपासा, आणि त्यातलं एक तरी वर्णमालेच्या टोकांपासून आणि मध्यापासूनही लांबचं असू द्या, कारण वर्णमाला गोल फिरते आणि A चा Z म्हणजे एक घर मागेही होतं. F, G, T, U अशा अक्षरांवर सहसा संदिग्धता राहत नाही, कारण तिथे विरुद्ध अक्षर इतकं लांब असतं की साध्या सरकवण्याशी त्याची गल्लत होत नाही.

दोनदा आलेली अक्षरं बघा

दोन्ही ओळी लिहूनही काही हाती लागलं नाही, तर मी शब्दात दोनदा आलेलं अक्षर शोधतो. ही युक्ती कमी लोक वापरतात, पण मला ती सगळ्यात आवडते.

WARDHA चा कोड BIESBX आहे. मूळ शब्दात A दुसऱ्या आणि सहाव्या जागी आहे. कोडमध्ये B पहिल्या आणि पाचव्या जागी आहे. सहावी जागा उलटीकडून पहिली होते आणि दुसरी जागा उलटीकडून पाचवी. म्हणजे शब्द आधी उलटा केलाय. AHDRAW लिहून त्याखाली कोड मांडा:

```
A   H   D   R   A   W
B   I   E   S   B   X
+१  +१  +१  +१  +१  +१
```

काम झालं. दुबार अक्षर त्याच जागी दुबार राहिलं असेल (वरच्या SATARA मध्ये A च्या तिन्ही जागी C आहे), तर प्रत्येक अक्षराला जागेचा विचार न करता एकच वागणूक मिळाली आहे. दुबार अक्षरं जागा बदलून जोडीनेच राहिली असतील, तर शब्दाची उलटापालट झाली आहे. जोडी फुटून त्यांची वेगवेगळी अक्षरं झाली असतील, तर जागेनुसार नियम बदलतोय, बहुधा वाढता किंवा घटता क्रम आहे. शब्दात एकही अक्षर दुबार नसेल तर अर्थातच ही युक्ती चालत नाही. मग सरळ शब्द उलटा लिहून दोन्ही ओळी पुन्हा मांडायच्या.

भेसळीचा एक प्रश्न, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

RAIGAD चा कोड IBJTBW असेल, तर PALGHAR चा कोड कोणता?

(१) KZOTSZI  (२) QBMHIBS  (३) KBOTSBI  (४) KBMTIZI

दोन्ही ओळी मांडू.

```
        R    A    I    G    A    D
        I    B    J    T    B    W
फरक    −९   +१   +१   +१३  +१   +१९
बेरीज   २७   ३    १९   २७   ३    २७
```

फरकात +१ तीनदा आलाय, बेरजेत २७ तीनदा. आणि जिथे +१ आहे तिथे २७ नाही. म्हणजे नियम दोन आहेत आणि अक्षरं त्यांच्यात वाटली गेली आहेत. वाटणी कशी झाली, एवढंच शोधायचं. +१ वाली अक्षरं A, I, A. विरुद्ध झालेली R, G, D. स्वर एक घर पुढे, व्यंजनं उलटी. भेसळीच्या प्रश्नांत वाटणी बहुतेक वेळा स्वर-व्यंजनांची असते, नाहीतर सम-विषम जागांची. इथे +१ दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागी आहे, त्यामुळे सम-विषम बसत नाही. स्वर-व्यंजन चपखल बसतं.

आता PALGHAR चं पूर्ण कोडिंग करत बसू नका. पर्याय एकमेकांपासून कुठे वेगळे आहेत ते बघा. पाचव्या जागी दोन पर्यायांत S आहे, दोघांत I. PALGHAR चं पाचवं अक्षर H, व्यंजन, त्याचं विरुद्ध S. दुसरा आणि चौथा पर्याय गेला. उरलेल्या दोघांत दुसरं अक्षर वेगळं आहे, Z की B. मूळ अक्षर A, स्वर, एक पुढे B. उत्तर तिसरं. सात अक्षरांपैकी दोनच सोडवली.

चुकीचे पर्याय कसे बनवलेत तेही बघून ठेवा. पहिला पर्याय म्हणजे स्वरांसकट सगळंच उलटं केलेलं. दुसरा म्हणजे सगळ्यांना +१. चौथ्यात मूळ शब्दाच्या जागांचाच नियम समजून दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या अक्षराला +१ दिलाय. अर्धवट नियम धरून सोडवलं की तुमचं उत्तर पर्यायांत सापडतंच. म्हणून ‘पर्यायात आहे, म्हणजे बरोबर’ हा दिलासा या प्रकरणात कामाचा नाही.

अक्षरांऐवजी आकडा दिला असेल तर

GOA = २६ आणि PUNE = ६०, तर THANE = ?

इथे सुरुवात नेहमी साध्या बेरजेपासून करा. G ७, O १५, A १, बेरीज २३. दिलेला आकडा २६, म्हणजे तीन जास्त. ‘बेरीज अधिक ३’ हा नियम धरून पुढे पळालात तर THANE चं ५१ येईल. दुसरं उदाहरण तेवढ्यासाठीच दिलंय. PUNE ची बेरीज १६ + २१ + १४ + ५ = ५६, दिलेला आकडा ६०, चार जास्त. तीन अक्षरांना तीन, चार अक्षरांना चार. नियम आहे बेरीज अधिक अक्षरसंख्या. THANE ची बेरीज २० + ८ + १ + १४ + ५ = ४८, त्यात पाच मिळवले, ५३.

साध्या बेरजेने जमलं नाही तर उलट्या क्रमांकांची बेरीज बघायची, म्हणजे A ला २६ आणि Z ला १ धरून. ती वेगळी मोजू नका. प्रत्येक अक्षराचे दोन्ही क्रमांक मिळून २७ होतात, तेव्हा अक्षरसंख्या गुणिले २७ मधून साधी बेरीज वजा केली की झालं. GOA साठी ८१ − २३ = ५८. THANE साठी १३५ − ४८ = ८७.

आकड्याच्या आकारावरूनही बरंच कळतं. तीन अक्षरी शब्दाची बेरीज, सरळ किंवा उलटी, ७८ च्या वर जाऊच शकत नाही, कारण प्रत्येक अक्षर फार तर २६. GOA = १०५ दिलं असेल, तर कुठेतरी गुणाकार किंवा वर्ग आहे हे लगेच ओळखा. इथे ७ × १५ × १ = १०५. GOA = ६९ मात्र मर्यादेच्या आत बसतं आणि फसवतं. ना २३, ना ५८. अशा वेळी दिलेल्या आकड्याला अक्षरसंख्येने भागून बघा. ६९ ÷ ३ = २३, म्हणजे बेरीज गुणिले अक्षरसंख्या. क्रमांक नुसते शेजारी-शेजारी जोडूनही देतात, GOA = ७१५१ असं. कोड करताना ते सोपं असतं, उलट वाचताना मात्र ७-१५-१ की ७-१-५-१ हा घोळ होतो. तिथे पर्यायांतला शब्द घेऊन त्याचे आकडे लिहिणं बरं.

कोडवरून मूळ शब्द काढताना

LATUR चा कोड MCWYW असलेल्या भाषेत CGHH म्हणजे कोणता शब्द? नियम आधीच माहीत आहे, +१, +२, +३, +४. घाईत हात आपोआप पुढे मोजायला लागतो: C चा D, G चा I, H चा K, H चा L. DIKL. आणि तो पर्यायांत असतोही. पण आपल्याकडे कोड आहे, शब्द शोधायचाय, तेव्हा चिन्हं उलटवायची: −१, −२, −३, −४. C चा B, G चा E, H चा E, H चा D. शब्द BEED.

नियम उलट्या वर्णमालेचा असेल तर ही काळजी नाही, कारण विरुद्धचं विरुद्ध म्हणजे मूळ अक्षरच. KFMV ला तोच नियम पुन्हा लावला की PUNE परत येतं. सरकवलेल्या अक्षरांना दिशा असते. म्हणून अशा प्रश्नात मी पेन उचलला की सर्वात आधी रफ कागदावर ‘कोड → शब्द’ असा बाण काढतो आणि फरकाच्या ओळीतल्या प्रत्येक चिन्हावर रेघ मारून उलटं चिन्ह लिहितो. शब्द उलटवून मग सरकवलेला असेल, तर पायऱ्याही उलट क्रमाने सोडवायच्या: आधी BIESBX ची अक्षरं एक-एक घर मागे आणून AHDRAW करायचं, मग ते उलटं वाचायचं. सगळ्या अक्षरांना सारखाच +१ असेल तर क्रम चुकला तरी उत्तर तेच येतं, त्यामुळे सोप्या सरावात ही चूक कधी कळत नाही. वाढता क्रम असेल तर मात्र आधी उलटवल्यावर −१ कोडच्या पहिल्याऐवजी शेवटच्या अक्षराला लागतो आणि सगळंच बिघडतं.